बेचाळीस किलोमीटर आणि चार खर्डे

मॅरेथॉन धावून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, लहान पोरासारखं उलटं उतरावं लागतं. २००९च्या जानेवारीतल्या त्या सोमवारी मितेश भोईर असाच उलटा उतरला, बंगल्याच्या खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरसमोर बसला आणि चहा यायच्या आधी त्याने ऑर्कुटवर पोस्ट टाकून दिली. पाय चालत नसले तरी बोटं चालत होती.

ऑर्कुटवर ‘भिवंडी रनर्स’ नावाचा एक समूह होता. तो मितेशनेच काढलेला. त्यात दोनशे चौदा सभासद होते आणि त्यातले धावणारे तीन. बाकीचे दोनशे अकरा जण मितेशचे चुलतभाऊ, वर्गमित्र, गोदामांचे भाडेकरू आणि त्या भाडेकरूंकडे कामाला असणारी तरुण मंडळी. नाशिक हायवेला भोईरांची गोदामं होती, त्यामुळे मितेशने समूह पतंगबाजीचा काढला असता तरी सभासद तेवढेच झाले असते.

पोस्ट अशी होती: “मी करून दाखवलं!!! ४२.१९५ किलोमीटर! लोक बोलले, गोदामवाल्याचं पोट आहे, जमणार नाही. मी ऐकलं नाही. आठ महिने मी पहाटे उठलो. मी एकट्याने घाम गाळला. मुंबईत पेडर रोडच्या चढावर शरीर बोललं थांब, मी बोललो नाही! वेळ ५ तास १४ मिनिटं. स्वप्नं बघायला हिंमत लागते, ती माझ्यात आहे.” खाली पदक दातांत धरलेला फोटो.

दुपारपर्यंत नाक्यावर फ्लेक्स लागला. ‘मॅरेथॉनवीर मितेशशेठ’. तो चुलतभावांनी लावला, मितेशने सांगितलं नव्हतं. पण काढायलाही सांगितलं नाही, हे नमूद करायला हवं.

आता आठ महिने पहाटे उठण्याबद्दल. मितेश आपणहून एकही दिवस उठला नव्हता. रोज पावणेपाचला त्याच्या मोबाइलवर बाळारामचा मिस कॉल यायचा. पहिल्याला उठला नाही तर दुसरा, दुसऱ्याला उठला नाही तर बाळाराम स्वतः फाटकाशी येऊन उभा राहायचा आणि कुत्र्याला उठवायचा. मग कुत्रा बाकीच्यांना उठवायचा. बाळाराम मूळचा पडघ्याचा, निजामपुऱ्यातल्या एका कारखान्यात लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, मेकॅनिक. लूम ठोकठोक करत असताना नुसत्या आवाजावरून कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचा, आणि धावताना मितेशच्या श्वासावरून सांगायचा की आता हा तीन मिनिटांत थांबणार. तिसऱ्या धावणाऱ्या म्हणजे विद्युल्लताबाई. ब्राह्मण आळीत राहायच्या, शाळेत मराठी शिकवायच्या, वय बावन्न. दोघांनाही त्यांनी शिकवलं होतं. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं तेव्हा त्या चालायला लागल्या, आणि चालणं फार हळू होतंय म्हणून पळायला लागल्या.

तिघं मिळून वऱ्हाळा तलावाकडून सुरुवात करायचे. रविवारी लांबचा पल्ला, अंबाडीवरून गणेशपुरीपर्यंत, आणि येताना एसटी. दोघं पुरुष पुढे सुटायचे. बाई मागून एका लयीत यायच्या. “पहिल्या दहा किलोमीटरला हावरटपणा करायचा नाही,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि ते दर रविवारी ऐकून दर रविवारी मितेश हावरटपणा करायचा.

मॅरेथॉननंतर आठवडाभर आराम ठरला होता. पुढच्या सोमवारी पुन्हा सुरू करायचं. सोमवारी मितेशला जाग आली ती साडेसातला. मोबाइल बघितला, मिस कॉल नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी त्याने गजर लावला, एकटा निघाला, तीन किलोमीटर गेला आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिला. दम लागला नव्हता. नुसतं पुढे जावंसं वाटेना. शेजारी कोणी धापा टाकत नसेल, कोणी ‘श्वास सोड, दाबून नको धरू’ बोलत नसेल, तर आपण हे कशासाठी करतोय तेच त्याला कळेना. त्याला बाळारामची आठवण येत होती. लग्न झालेल्या, दोन पोरांच्या बापाला दुसऱ्या एका बापाची आठवण येत होती, आणि त्याची त्याला लाजही वाटत होती.

दुपारी तो निजामपुऱ्यात कारखान्यात गेला. आत लूमचा आवाज एवढा की बोलायला बाहेर गल्लीत यावं लागलं. बाळाराम हात पुसत आला.

“बोला शेठ.”

मितेशला तिथेच कळलं. आठ महिन्यांत बाळारामने त्याला मितेश म्हटलं होतं, म्हशा म्हटलं होतं, चढावर तर आणखी बरंच काही म्हटलं होतं. शेठ एकदाही म्हटलं नव्हतं.

“मिस कॉल नाही दिलास.”

“तुमी एकटं उठता ना शेठ. आमच्या हापिसातल्या क्लार्कनं छापून आनलंय. मी तीनदा वाचलं. मना वाटलं माजं नाव मागल्या बाजूला असंल, म्हनून कागद उलटा करून पन बघितला.” एवढं बोलून बाळारामने तो कागद मितेशच्या हातात दिला आणि तो आत गेला. आत कुठलातरी लूम बंद पडला होता, किंवा पडला नव्हता.

मितेश तिथून सरळ ब्राह्मण आळीत बाईंकडे. शाळेतला मुलगा गृहपाठ राहिला की जसा येतो तसा आला. बाईंचे यजमान दत्तोपंत, सेवानिवृत्त कारकून, दारातच म्हणाले, “या या, मॅरेथॉनवीर!” फ्लेक्स त्यांनीही बघितला होता. “अरे, पण आमच्या हिचा तर...”

“तुम्ही चहाचं बघा,” बाई आतून म्हणाल्या, आणि दत्तोपंत चहाचं बघायला गेले.

मितेशने छापील पोस्ट पुढे ठेवली. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं. प्रत्येक ‘मी’भोवती गोल काढत गेल्या. कागदाला गोवर झाल्यासारखं दिसायला लागलं.

“बाळाराम कुठे आहे यात?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... तो समजून घेण्यासारखा आहे ना, बाई.”

“त्याने समजून घेतलेलं दिसतंय. म्हणून तर तू इथे आलायस. हे आधी नीट कर. पुन्हा लिहून आण.”

इथे एक तांत्रिक बाब सांगायला हवी. ऑर्कुटवर समूहात टाकलेली पोस्ट दुरुस्त करता येत नसे. ती पुसायची आणि नवी टाकायची, आणि पुसली की तिच्याखाली आलेले लोकांचे सगळे निरोपही जायचे. मितेशच्या पहिल्या पोस्टखाली एकोणनव्वद निरोप होते. ‘वाघ’, ‘आगरी कोळ्यांची शान’, ‘शेठ पुढल्या वर्षी ऑलिंपिक’. मितेशने ते एकदा वाचले, परत एकदा वाचले आणि जड अंतःकरणाने पुसले. निदान तो बायकोला असं म्हणाला. बायको, मृणाली, म्हणाली की ते निरोप त्याने आधी प्रिंट काढून ठेवले आहेत.

दुसरा खर्डा त्याने कामावरून आल्यावर लिहिला. गोल काढलेला एकेक शब्द काढून टाकला. त्यामुळे झालं असं, की पहाटे उठलं गेलं, घाम गाळला गेला आणि पदकही मिळवलं गेलं, फक्त हे सगळं कोणी केलं याचा तपास लागेना. शेवटी तेवढं ‘स्वप्नं बघायला हिंमत लागते’ राहिलं होतं. बाईंनी वाचलं आणि विचारलं, “हे पोलिसांत द्यायचंय का?”

तिसऱ्या खर्ड्याच्या वेळी मितेशने ठरवलं, आता कंजुषी नाही. आभार म्हणजे आभार. तो वडिलांच्या समोर बसून लिहायला लागला ही त्याची चूक. पण त्या घरात दुसरी पद्धतच नव्हती. नावांची यादी म्हटली की ती पंढरीशेठच्या नजरेखालून जायची, मग ती हळदीची पत्रिका असो की वाढदिवसाचा फ्लेक्स. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाचा फोटो किती मोठा, यावरून त्यांच्या गावात दोन भावकींचं बोलणं बंद झालेलं होतं, त्यामुळे ही काही गमतीची गोष्ट नव्हती.

“पयला मामाचा नाव टाक,” पंढरीशेठ म्हणाले.

“मामा कुठे धावले, बाबा?”

“तू धावत व्हतास तवा तुजी गोदामा कोनी बघितली? आन् नगरसेवकाचा टाक. त्यांनी फोन केलता.”

“माझ्या फोनवर नाही आला.”

“माज्या आला. त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरचा पन टाक, नायतर त्याला वाईट वाटंल.”

असं करता करता यादी झाली. मामा, नगरसेवक, डॉक्टर, गोदामांचे तीन जुने भाडेकरू, सासरे, मेहुणे, क्रिकेट मंडळाचे आजी-माजी अध्यक्ष. अध्यक्ष दोन होते कारण मंडळंही दोन झाली होती. एकोणिसाव्या ओळीवर बाळाराम. त्याचं आडनाव घालायचं राहून गेलं, आणि विसाव्या ओळीवर लिहिलं होतं, ‘आणि सर्व मित्रपरिवार’.

बाईंनी ही यादी शेवटपर्यंत वाचली. शिक्षिका होत्या, मध्येच सोडायची सवय नव्हती.

“मितेश, यातले किती जण गणेशपुरीला आले होते?”

“कोणीच नाही.”

“मग यांचे आभार कशाचे?”

“राग येऊ नये म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघ. नाव लिहिलं म्हणजे श्रेय दिलं असं नसतं. कोणी, कुठे, काय केलं ते लिही. ते लिहिल्यावर नाव आपोआप येतं. आणि खरं लिही. जिथे तू चांगला दिसत नाहीस, नेमकं तिथेच दुसऱ्याने काहीतरी केलेलं असतं.”

मितेश घरी आला. असं ठिकाण एक होतं आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं. ते त्याने मृणालीलाही सांगितलं नव्हतं.

मॅरेथॉनला तो नेहमीच्या हावरटपणाने सुटला होता. सीएसटीहून वांद्र्याला जाईपर्यंत लोकांना मागे टाकत गेला, बाळारामही त्याच्या बरोबरीने. वांद्र्याहून परत फिरल्यावर ऊन चढलं. वरळीला पाय जड झाले, आणि हाजी अलीपाशी, पेडर रोडचा चढ समोर दिसायला लागला तेव्हा, चौतीस किलोमीटर झालेले असताना, दोन्ही पोटऱ्यांत असे गोळे आले की तो औषधोपचाराच्या तंबूत जाऊन आडवा झाला. तिथे एक मुलगी पोटरीवर स्प्रे मारत होती आणि मितेश भोईर, नऊ गोदामांचा मालक, डोळे मिटून रडत होता. “मला टॅक्सी करून द्या,” म्हणत होता. बाळारामने त्याला मीठ दिलं, उठवलं, आणि तिथून पुढचे आठ किलोमीटर दोघं मिळून चालत, फरपटत, थोडं धावत आले.

त्याने ते सगळं लिहिलं. लिहिताना दोनदा उठला, एकदा ‘रडलो’ खोडून ‘डोळ्यांत पाणी आलं’ केलं आणि परत ‘रडलो’ केलं. बाळारामने आपली शर्यत सोडली आणि माझ्यासाठी थांबला, असं लिहिलं. खिशातून मिठाची पुडी काढून माझ्या तोंडात ओतली, असं लिहिलं. तो नसता तर मी टॅक्सीने भिवंडीला आलो असतो. मिस कॉलचं लिहिलं, कुत्र्याचं लिहिलं. आणि शेवटी एक वाक्य घातलं: ‘आमच्या विद्युल्लताबाईंनीही या वयात चांगला प्रयत्न केला.’

हे वाक्य त्याने फार विचार करून लिहिलं होतं. कारण दोघं शर्यत संपवून आझाद मैदानात ठरलेल्या झाडाखाली आले, तेव्हा बाई आधीच तिथे बसलेल्या होत्या. कोरडा पंजाबी ड्रेस, विंचरलेले केस, हातात केळं. मितेशने मनाशी ताडलं, बिचाऱ्यांनी मध्येच सोडलेली दिसते. त्याने तेव्हा काही विचारलं नाही, नंतरही विचारलं नाही. विचारून त्यांना कशाला लाजवायचं? आपल्या या नाजूकपणाचं त्याला स्वतःलाच कौतुक होतं.

चौथा खर्डा बाईंनी सावकाश वाचला. मिठाच्या पुडीच्या ओळीवर लाल पेन थांबलं. तिथे एक लहानसा ठिपका उमटला. मग पेन पुढे सरकलं. शेवटचं वाक्य मात्र त्यांनी असं खोडलं की कागद फाटला.

“माझ्याबद्दल काही नको.”

“असं कसं, बाई? तुम्हीसुद्धा...”

“नको म्हटलं ना. बाकी चांगलं आहे. चांगलं झालंय, मितेश.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दत्तोपंत स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभे होते, त्यांनी तोंड उघडलं आणि बाईंकडे बघून मिटलं.

केवढं मोठं मन, मितेशला वाटलं. रस्त्याने येताना त्याला भरून आलं होतं.

शुक्रवारी पोस्ट टाकली. पहिली जर भिवंडीत गाजली असेल, तर ही पार कल्याण-ठाण्यापर्यंत गेली. शनिवारी रात्रीच्या जेवणाआधी खाली एकशे त्रेचाळीस निरोप होते. ‘शेठ, एवढा पैसा असून एवढा नम्रपणा!’ ‘रडलो हे लिहायला वाघाचं काळीज लागतं.’ ‘मितेशदादा, माणूस म्हणून तुम्ही जिंकलात.’ ‘ज्याने मित्राला एवढं श्रेय दिलं तो खरा राजा.’ एकशे त्रेचाळीस जणांपैकी बाळारामचं नाव कोणी घेतलं असेल तर दोघांनी, आणि त्यातल्या एकाने ते बाबूराम लिहिलं होतं. नाक्यावरचा फ्लेक्स उतरवून चुलतभावांनी दुसरा चढवला. मितेशचा तोच फोटो, फक्त आता हात जोडलेले. पंढरीशेठना रडल्याचं वाचून आधी धक्का बसला, पण नगरसेवकांचा पुन्हा फोन आला आणि त्यांनी ‘संस्कार’ हा शब्द वापरला, तेव्हा पंढरीशेठ शेजाऱ्यांना सांगायला लागले की आमच्या घरात रडायची लाज न्हाय.

मितेश दर अर्ध्या तासाने कॉम्प्युटर उघडून आपला नम्रपणा वाचत होता. आणि मोबाइल उशाशी ठेवून झोपत होता. मिस कॉल येत नव्हता.

रविवारी सकाळी नऊला बाळाराम स्वतः आला. मितेश उठून दारापर्यंत गेला, मिठी मारायच्या बेताने. बाळारामचा चेहरा बघून त्याने हात खाली घेतले.

“हे काय लिवलंस?” बाळाराम म्हणाला. शेठ नाही म्हणाला, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

“सगळं खरं लिहिलं, बाळाराम. देवाशपथ.”

“खरं? माजा देव करून ठेवलाय तुना. कारखान्यात जो तो विचारतंय, शेठसाटी शर्यत सोडली, शेठनं काय दिलं? घरात बायको तुळजा दोन दिस धड बोलत न्हाय. बोलते, स्वताची आठ महिन्यांची मेहनत तुमी शेठच्या पायाशी व्हायली, घरच्यासाटी कवा एक दिस रजा काढली न्हाय.” तो सोफ्याच्या कडेला टेकला, एरवी तो त्या सोफ्यावर बसत नसे. “मी शर्यत सोडली नवती, मितेश. माजंच इंजिन बंद पडलं व्हतं. तुज्याबरोबर सुरवातीला सुसाट सुटलो ना मी पन. हाजी अलीला माज्याबी मांडीत गोळा आला. तू तंबूत पडलास आन् मना हायसं वाटलं. थांबायला कारन भेटलं. तू पडला नसतास तर मी पडलो असतो.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“तू इचारलंस? तू डोळं मिटून रडत व्हतास. मंग मीच उठायला लागलो. दोगं पडलो असतो तर उटवनार कोन?” मग म्हणाला, “आन् ती मिठाची पुडी माजी न्हवती.”

“मग कोणाची?”

“बाईंची. तू पडला व्हतास तवा बाई समोरून गेल्या. थांबल्या, पुडी माज्या हातात कोंबली, बोलल्या, अर्दी त्याला, अर्दी तू खा, आन् बसून राव नका, उटा. आन् गेल्या. त्याच त्यांच्या चालीत. चढावर पन तीच चाल.”

“बाई... पुढे गेल्या?”

“मंग काय मागं गेल्या? आपल्या आदी पोचल्या. तुला काय वाटलं, झाडाखाली केळी खात बसलेल्या त्या टॅक्सीनं आल्या?”

मितेशला काय वाटलं होतं ते त्याने बाळारामला सांगितलं नाही. तो उठून कॉम्प्युटरसमोर बसला. तिघांचे फॉर्म एकत्र भरले होते, नंबर ओळीने होते. शर्यतीच्या साइटवर त्याने स्वतःचा नंबर हजार वेळा टाकून बघितला होता. आता त्याच्या पुढचा टाकला. पान उघडायला वेळ लागला. मग आलं. विद्युल्लता दत्तात्रय जोगळेकर. चार तास एकोणपन्नास मिनिटं सदतीस सेकंद. खाली त्यांच्या वयोगटातला क्रमांक, आणि तो एका हाताच्या बोटांवर मोजण्यासारखा होता.

चार वेळा मितेश त्यांच्या घरी गेला होता. चार खर्डे त्यांनी वाचले होते, ज्यातल्या प्रत्येकात त्याची वेळ मिनिटांसकट होती. त्यांनी पुडीच्या ओळीवर पेन टेकवलं आणि उचललं होतं. आणि त्याने त्यांना लिहून दाखवलं होतं, या वयात चांगला प्रयत्न.

“पुसतो,” तो म्हणाला.

“पूस,” बाळाराम म्हणाला.

पण पुसायचं म्हणजे एकशे त्रेचाळीस निरोप. शनिवारनंतर आणखी आले होते, एकशे एकसष्ट झाले होते. एकाने तर कविता केली होती. मितेशचा हात माउसवर होता आणि माउस जागचा हलत नव्हता. पहिल्या वेळी फुशारकी पुसायची होती, ते त्या मानाने सोपं होतं. आता नम्रपणा पुसायचा होता, आणि तो फार गोड लागायला लागला होता.

“प्रिंट काढू का आधी?” त्याने विचारलं.

बाळाराम नुसता बघत राहिला, एखाद्या लूमचा आवाज ऐकावा तसा. मितेशने पोस्ट पुसली. प्रिंट न काढता.

दोघं मोटारसायकलवरून ब्राह्मण आळीत गेले. दत्तोपंतांनी दार उघडलं, दोघांना एकत्र बघितलं आणि कोणी सांगायच्या आधी चहाचं बघायला गेले. बाई वह्या तपासत होत्या.

“पाचवा खर्डा आणलास का?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“नाही, बाई.” मितेश समोरच्या खुर्चीवर बसला नाही, उभाच राहिला. “बाई, तुमचा टाइम काय होता?”

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वही मिटली, टोपण लावलं, चष्मा काढून पदराने पुसला. बोलल्या तेव्हा आवाज वर्गातला नव्हता.

“तीन आठवडे झाले, मितेश. शाळेत कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आपण होऊन सांगणं बरं दिसत नाही. मला वाटायचं, निदान तू तरी विचारशील. दर वेळी तू कागद घेऊन यायचास आणि मला वाटायचं, आज विचारेल. मग तू वयाचं लिहून आणलंस.” त्या हसल्या, पण डोळे भरले होते. “दुसऱ्याचा मीपणा खोडणं सोपं असतं रे. माझा आत नुसता धडका मारत होता.”

“चुकलं, बाई,” मितेश म्हणाला.

“चार तास, एकोणपन्नास मिनिटं, सदतीस सेकंद,” बाई म्हणाल्या.

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. पहिले दहा किलोमीटर लोक कसे हावरटासारखे सुटले आणि आपण कशा एका मुंगीला मागे न टाकता चाललो, वांद्र्याहून परतताना तेच लोक कसे एकेक करून रस्त्याच्या कडेला दिसायला लागले, पेडर रोडच्या चढावर आपण सत्तावीस जणांना मागे टाकलं आणि त्यातले चोवीस पुरुष होते, मरीन ड्राइव्हला एका पंचविशीतल्या मुलाने ‘काकू, बाजूला’ म्हटलं आणि चर्चगेटपाशी आपण त्याला गाठून ‘बाळा, बाजूला’ म्हटलं, हे सगळं त्यांनी हातवारे करत सांगितलं. मध्ये तीनदा उठून धावून दाखवलं. शेवटच्या दोनशे मीटरला आपल्यासारखं कोणीच धावत नव्हतं, असंही म्हणाल्या. बाळाराम तोंडावर हात ठेवून हसत होता. दत्तोपंत चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले होते, आणि हे सगळं तीन आठवडे फक्त त्यांनाच ऐकावं लागलं असावं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

“बाई,” मितेश म्हणाला, “हे मी पोस्ट करू? तुमच्या नावाने?”

बाईंनी श्वास घेतला. सवयीप्रमाणे त्यांचा हात ‘नको’ म्हणायला वर गेला. तो तसाच हवेत थोडा वेळ राहिला, मग त्यांनी त्याच हाताने समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं आणि वहीतला एक कोरा कागद फाडून मितेशच्या पुढे सरकवला.

“बस,” त्या म्हणाल्या. “लिही. सत्तावीस जण अक्षरात लिही, आकड्यात नको.”